सोनोग्राफीत वृषणात ‘मायक्रोलिथियासिस’ आलं: रिपोर्ट कसा वाचायचा आणि दरवर्षी तपासणी कुणाला लागते

बहुतेक पुरुष वृषणाची सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी करतात. कुणाला दुखत असतं, कुणाला व्हेरिकोसील असतं, कुणाला मूल होत नसतं. रिपोर्टच्या शेवटी मात्र एक अनोळखी ओळ येते: ‘बायलॅटरल टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस, सजेस्ट फॉलोअप’. घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर शोधून होतं आणि पहिल्या दोन ओळींतच ‘कॅन्सर’ हा शब्द दिसतो. त्या रात्री झोप लागत नाही.

आधी उत्तर सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. वृषणात गाठ नसेल आणि खाली दिलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ नसेल, तर सोनोग्राफीत दिसणाऱ्या या ठिपक्यांसाठी, म्हणजे मायक्रोलिथियासिससाठी, पुन्हा सोनोग्राफी, रक्ततपासणी किंवा औषध यातलं काहीच लागत नाही. एखाद्या जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची. म्हणजे निर्णय ठिपक्यांवर ठरत नाही, तुमच्या बाकीच्या इतिहासावर ठरतो. अडचण ही, की तो इतिहास सोनोग्राफी करणाऱ्याला माहीत नसतो आणि पुष्कळदा खुद्द रुग्णालाही नीट ठाऊक नसतो.

हे ठिपके असतात तरी काय?

वृषणाच्या आत अतिशय बारीक नळ्यांची गुंतवळ असते. शुक्राणू या नळ्यांतच तयार होतात. तिथे रोज असंख्य पेशी जन्मतात आणि त्यातल्या बऱ्याच मरतात. मेलेल्या पेशींचा कचरा नळीच्या भिंतीतल्या सर्टोली पेशी उचलून टाकतात. हे काम कुठे अपुरं पडलं, तर तो कचरा नळीतच राहतो, त्याभोवती थरांवर थर चढतात आणि मधल्या भागात कॅल्शियम साचतं. असा एकेक कण साधारण 3 मिलिमीटरपेक्षा लहान असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर वृषण एकसारखं करडं दिसतं आणि त्यात हे कण पांढऱ्या टिंबांसारखे उठून दिसतात. म्हणूनच रिपोर्टमध्ये कधी कधी ‘स्टारी स्काय’ असंही लिहिलेलं असतं.

‘लिथ’ म्हणजे खडा, त्यामुळे अनेकांना मुतखडा आठवतो. याचा मुतखड्याशी काही संबंध नाही. टोमॅटोच्या बिया, पालक, बोअरचं पाणी, कॅल्शियमच्या गोळ्या यांमुळे हे होत नाही आणि ते सोडल्याने जातही नाही. कण विरघळवणारं औषध कुठल्याच वैद्यक पद्धतीत सिद्ध झालेलं नाही. तशी गोळी किंवा काढा कुणी देत असेल, तर पैसे वाचवा.

हे कण सहसा दुखतही नाहीत. सोनोग्राफी दुखण्यासाठी केली आणि त्यात मायक्रोलिथियासिस सापडलं, तर दुखण्याचं कारण वेगळीकडे शोधावं लागतं. ते वृषणामागच्या एपिडिडिमिस या नळीची सूज, हर्निया, कमरेची नस किंवा मूत्रवाहिनीतला खडा यापैकी काहीही असू शकतं. कण सापडले म्हणून दुखण्याचा तपास तिथेच थांबतो, ही मला या विषयातली सर्वात नुकसानकारक चूक वाटते. आणि वृषण अचानक, प्रचंड दुखायला लागलं, सोबत मळमळ किंवा उलटी असली, तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. थेट इमर्जन्सीत जा.

पहिली पायरी: रिपोर्टमधल्या तीन गोष्टी शोधा

रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण त्यातले नेमके तीन मुद्दे पाहायचे आहेत.

पहिला मुद्दा म्हणजे ठिपके नक्की कुठे आहेत. मायक्रोलिथियासिस वृषणाच्या आत असतं. रिपोर्टमध्ये ‘स्क्रोटल पर्ल’ किंवा ‘स्क्रोटोलिथ’ असेल, तर तो वृषणाबाहेरच्या पाण्यात फिरणारा सुटा कण असतो आणि तो निरुपद्रवी असतो. ‘एपिडिडिमल कॅल्सिफिकेशन’ लिहिलं असेल, तर कण वृषणाच्या मागच्या नळीत आहेत. जुनी सूज किंवा आपल्याकडे कधी कधी क्षयरोगही त्यामागे असतो. या दोन्हींना या लेखातले नियम लागू होत नाहीत.

दुसरा मुद्दा संख्येचा. पडद्यावरच्या एका चित्रात पाच किंवा जास्त कण दिसले, तर त्याला नेहमी मायक्रोलिथियासिस म्हणतात. पाचापेक्षा कमी असतील तर ‘लिमिटेड’ म्हणतात. पण या आकड्यात फार गुंतू नका. आताच्या यंत्रांचे प्रोब इतके बारीक दाखवतात, की जुन्या यंत्रावर न दिसलेले कणही दिसतात. मागच्या वेळी सात होते आणि या वेळी अकरा दिसले, एवढ्यावरून काही बिघडलं असं ठरत नाही. कदाचित यंत्र बदललं असेल किंवा प्रोब थोडा तिरका धरला असेल.

तिसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा: कणांखेरीज वृषणात आणखी काही दिसलं का? ‘नो फोकल लीजन’ किंवा ‘नो इंट्राटेस्टिक्युलर मास’ असे शब्द रिपोर्टमध्ये असायला हवेत. नसतील, तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि रिपोर्टमध्ये लिहून घ्या. हा तुमचा हक्क आहे आणि डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. ‘हायपोएकोइक एरिया’, ‘ठरावीक भागात कणांची गर्दी’, ‘वाढलेली व्हॅस्क्युलॅरिटी’ किंवा 3 मिलिमीटरपेक्षा मोठं, सावली पाडणारं कॅल्सिफिकेशन असं काही लिहिलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टला दाखवा. क्वचित असं होतं, की वृषणातली गाठ स्वतःच जळून जाते, मागे फक्त व्रण आणि कॅल्शियमचा मोठा डाग उरतो आणि रोग मात्र पोटातल्या लसिकाग्रंथींत पसरलेला असतो. म्हणून मोठा डाग आणि बारीक टिंबं एकाच मापाने मोजायची नाहीत.

दुसरी पायरी: चार प्रश्न

युरोपियन सोसायटी ऑफ युरोजेनिटल रेडिओलॉजीने 2015 मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढचे चार प्रश्न त्यांवर आधारलेले आहेत. उत्तर घरी बसून देऊ नका. आईला, थोरल्या भावाला, जमलं तर काकांनाही विचारा.

एक. तुम्हाला पूर्वी वृषणाचा कॅन्सर झाला होता का? हे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असतं.

दोन. वडील, सख्खा भाऊ किंवा मुलगा यांपैकी कुणाला तो झाला होता का? इथे गोंधळ होतो. आपल्या घरांत या अवयवाबद्दल बोललं जात नाही. ‘मुंबईला मोठं ऑपरेशन झालं, एक गोळी काढली’ एवढंच कळलेलं असतं. ती गोळी पीळ पडून मेली म्हणून काढली, की गाठ होती म्हणून, हे विचारून घ्या. भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर आपला धोका इतरांपेक्षा सुमारे आठ ते दहापट होतो. त्यामुळे एकदा अवघडल्यासारखं झालं तरी विचारावं.

तीन. जन्माच्या वेळी वृषण खाली उतरलं नव्हतं का, किंवा ते खाली आणण्याचं ऑपरेशन झालं होतं का? वैद्यकीय भाषेत त्या ऑपरेशनला ऑर्किडोपेक्सी म्हणतात. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर सर्वांत जास्त चुकतं. लहानपणी जांघेत काही झालेलं असतं आणि घरात ते ‘हर्नियाचं ऑपरेशन’ म्हणूनच लक्षात राहिलेलं असतं. न उतरलेल्या वृषणाबरोबर हर्नियाची पिशवी बहुतेक वेळा असतेच, दोन्ही एकाच छेदातून दुरुस्त होतात आणि कुटुंबाच्या आठवणीत दोनपैकी एकच नाव उरतं. जांघेत जुना व्रण दिसत असेल आणि त्या बाजूचं वृषण लहान किंवा थोडं वर असेल, तर नीट चौकशी करा. जुना डिस्चार्ज कागद सापडला तर उत्तमच.

वयही विचारा. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या हजारो मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. 13 वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये वृषणाच्या कॅन्सरचा धोका इतर पुरुषांच्या साधारण दुप्पट होता, तर त्यानंतर ऑपरेशन झालेल्यांमध्ये तो पाचपटीहून अधिक होता. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली: ऑपरेशन लवकर झालं तर धोका घटतो, पण पूर्णपणे जात नाही.

चार. वृषण आकसलेलं आहे का? सूचनांमध्ये यासाठी 12 मिलिलिटरची सीमा दिली आहे. हे आकारमान रिपोर्टमध्ये ‘व्हॉल्यूम’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं. मात्र या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कारण पुढच्या उदाहरणात दिसेल.

एका माणसाचं उदाहरण, पूर्ण हिशेबासह

समजा, नाशिकमध्ये राहणारा 34 वर्षांचा एक गृहस्थ आहे. बाइकवर जास्त वेळ बसलं की उजवीकडे दुखतं, म्हणून त्याने सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये दोन्ही वृषणांत मायक्रोलिथियासिस आहे आणि ‘नो फोकल लीजन’ असं स्पष्ट लिहिलं आहे. उजव्या वृषणाची मापं 4.4 × 2.8 × 2.2 सेंटिमीटर, व्हॉल्यूम 14.1. डाव्याची मापं 4.0 × 2.5 × 2.0, व्हॉल्यूम 10.4. शेवटी ‘सजेस्ट फॉलोअप’ असं लिहिलं आहे, पण किती दिवसांनी आणि किती वर्षं, ते दिलेलं नाही.

डावीकडचा आकडा 12 च्या खाली आहे. म्हणजे वृषण आकसलंय का? हिशेब करून पाहू. 4.0 × 2.5 × 2.0 म्हणजे 20. यंत्रात भरलेलं सूत्र बहुतेक वेळा या गुणाकाराला 0.52 ने गुणतं. हे कुठल्याही अंडाकृती वस्तूचं सर्वसाधारण सूत्र आहे. त्याने 10.4 येतात. वृषणाच्या खऱ्या आकारमानाशी 0.71 ने गुणणारं लॅम्बर्टचं सूत्र जास्त जुळतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्याने 14.2 मिलिलिटर येतात. तेच वृषण, तीच मापं, पण एका सूत्राने आकसलेलं आणि दुसऱ्याने ठीक. म्हणून रिपोर्टमधला तयार आकडा न घेता तीन मापं घ्या, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करा आणि 0.71 ने गुणून पाहा. उजवीकडे याच पद्धतीने 19.2 येतात. आकडा सीमेच्या आसपासच घुटमळत असेल, तर युरोलॉजिस्टकडे लाकडी किंवा प्लास्टिकच्या मण्यांची माळ असते. तिला ऑर्किडोमीटर म्हणतात. मण्याशी ताडून हाताने मोजल्यावर शंका फिटते.

तेव्हा चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पहिल्या दोन प्रश्नांचंही ‘नाही’. तिसऱ्याला तो सांगतो, “डाव्या बाजूला लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालंय.” घरी आईला फोन केल्यावर वेगळंच कळतं. तो चौथीत असताना शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांना डावी गोळी पिशवीत सापडली नव्हती. मग जिल्हा रुग्णालयात दाखवून ऑपरेशन केलं. “हर्निया होताच की, पण गोळी खाली आणायलाच तर नेलं होतं तुला,” असं आई सांगते. म्हणजे साधारण नवव्या वर्षी ऑर्किडोपेक्सी.

उत्तर इथे बदललं. चारपैकी एका प्रश्नाला ‘हो’ आलं. त्यामुळे त्याला वर्षातून एकदा वृषणाची सोनोग्राफी लागते आणि ती वयाच्या 55 पर्यंत, म्हणजे पुढची 21 वर्षं. सोबत दर महिन्याला हाताने स्वतःची तपासणी. ट्यूमर मार्कर, म्हणजे गाठ असेल तर रक्तात वाढू शकणारे घटक, दरवर्षी तपासायची गरज नाही, बायोप्सीचीही नाही. उजवीकडचं दुखणं कणांमुळे नाही. ते बाइकवर बसल्यावरच वाढतं, म्हणजे एपिडिडिमिस, कंबर आणि जांघ तपासून त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. ऑपरेशन डावीकडे झालं होतं, तरी सोनोग्राफी दोन्ही बाजूंची होईल.

आईने फोन उचलला नसता, तर हाच माणूस ‘काही नको’ या गटात गेला असता. उलट बाजूने पाहिलं, तर आकारमानाचा हिशेब न करता एखाद्या निरोगी माणसाला 10.4 या आकड्यावरून विनाकारण दरवर्षी बोलावलं गेलं असतं. कागदावरचं एकच वाक्य, पण सल्ला दोन टोकांचा होऊ शकतो.

चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर खरंच काही नको?

हो, खरंच नको. हे मन मानत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अमेरिकेत सैन्याशी संबंधित 18 ते 35 वयोगटातल्या 1,504 निरोगी तरुणांची सोनोग्राफी केली गेली होती. त्यांतल्या 84 जणांना, म्हणजे 5.6 टक्क्यांना, मायक्रोलिथियासिस निघालं. कुणालाही काही त्रास नव्हता. पाच वर्षांनी त्यांतल्या 63 जणांशी पुन्हा संपर्क झाला, तेव्हा फक्त एकाला वृषणाचा कॅन्सर झालेला होता. म्हणजे कण असलेल्या जवळजवळ सगळ्यांना काहीच झालं नव्हतं. भारतात हा कॅन्सर आणखी दुर्मीळ आहे. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत दर लाख पुरुषांमागे वर्षाला दहाच्या आसपास रुग्ण असतात, तर आपल्याकडे एकापेक्षाही कमी. मग कण आणि कॅन्सर यांची जोडी लागली कशी? कॅन्सर झालेल्या वृषणांत हे कण बऱ्याचदा सापडले होते. त्यावरून भीती उलट्या दिशेने पसरली: कॅन्सरवाल्यांना कण असतात, तेव्हा कणवाल्यांना कॅन्सर होणार. प्रत्यक्षात न उतरलेलं वृषण किंवा जन्मजात कमी विकसित झालेलं वृषण हे या दोन्हींच्या मागचं समान कारण असू शकतं.

अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच स्पष्ट लिहिलं आहे: योगायोगाने सापडलेलं मायक्रोलिथियासिस, गाठ नाही, धोक्याचं कारण नाही, तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही. त्यामुळे कुणी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, दर तीन महिन्यांनी एएफपी आणि बीटा एचसीजी हे ट्यूमर मार्कर असा कार्यक्रम आखून दिला, तर ‘माझ्या बाबतीत धोक्याचं कारण नेमकं कोणतं?’ असं शांतपणे विचारा. उत्तर ‘कण आहेत ना’ एवढंच मिळालं, तर दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घ्या.

वारंवार सोनोग्राफीचा तोटा पैशापुरता नसतो. एखाद्या वेळी काही तरी अस्पष्ट दिसतं, एमआरआय सांगितला जातो, आणखी तपासण्या होतात आणि धडधाकट माणूस वर्षानुवर्षं स्वतःला रुग्ण समजू लागतो. शिवाय वृषणाची गाठ वेगाने वाढणारी असते. दोन वार्षिक सोनोग्राफींच्या मधल्या काळात ती सहज उगवू शकते. तेव्हा ती आधी हातालाच लागते.

तिसरी पायरी: महिन्यातून एकदा, दोन मिनिटं

हा भाग सगळ्यांसाठी आहे, ‘काही नको’वाल्यांसाठीसुद्धा.

कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर तपासा. तेव्हा पिशवी सैल असते. थंडीत ती आकसते आणि काही कळत नाही. एक वृषण दोन्ही हातांत घ्या: अंगठे वर, तर्जनी आणि मधलं बोट खाली. मग अंगठे हलकेच फिरवत वृषण बोटांवरून सरकवा. त्याचा पृष्ठभाग सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत आणि किंचित लवचीक लागायला हवा. मागच्या बाजूला, वरून खाली जाणारी एक मऊ, काहीशी खडबडीत दोरी लागेल. ती एपिडिडिमिस. पहिल्यांदा तपासणारा बहुतेक वेळा हिलाच गाठ समजतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत फक्त स्वतःची नेहमीची ठेवण ओळखायची आहे. एक वृषण थोडं मोठं किंवा थोडं खाली असणं सर्वसामान्य आहे.

शोधायचं आहे ते वृषणाच्या अंगातच रुतलेली कडक, न दुखणारी गाठ, अगदी वाटाण्याएवढीही. किंवा पूर्वीपेक्षा एक वृषण मोठं, जड, टणक झालेलं. खालच्या पोटात किंवा जांघेत ओढल्यासारखा जडपणा. असं काही वाटलं, तर एक-दोन आठवड्यांत युरोलॉजिस्टकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण या कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. मायक्रोलिथियासिसचे कण बोटाला कधीच लागत नाहीत. त्यामुळे हाताला काही लागलं, तर ‘हे तेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

रोज तपासू नका. रोज चाचपल्याने वृषण दुखू लागतं आणि मन त्यातच अडकतं.

गाठ खरंच निघाली तर एक गोष्ट अजिबात करू देऊ नका

आपल्याकडे शरीरात कुठेही गाठ निघाली की ‘सुई टाकून तपासणी’ सांगायची सवय आहे. वृषणातल्या संशयास्पद गाठीत पिशवीच्या कातडीतून सुई घालायची नसते. वृषणाच्या लसिकाग्रंथी पोटात खोलवर असतात, पिशवीच्या कातडीच्या लसिकाग्रंथी जांघेत असतात. सुईने त्या दोन वाटा एकमेकींना जोडल्या जाऊ शकतात आणि रोग भलत्या मार्गाने पसरू शकतो. योग्य क्रम असा: आधी रक्तातले एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, मग छाती आणि पोटाचं स्कॅन आणि मग जांघेतल्या छेदातून वृषण काढणं. पुढे मूल हवं असेल, तर ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, याबद्दल विचारा. आणि मार्कर नॉर्मल आले म्हणून गाठ निरुपद्रवी, असं समजू नका. सेमिनोमा या प्रकारात ते बऱ्याचदा नॉर्मलच असतात. वेळेत पकडला तर हा कॅन्सर जवळजवळ सगळ्यांचा बरा होतो, पसरल्यावरही बहुतेकांचा होतो. घाबरून लपवण्याचं काही कारण नाही.

मूल होत नसताना कण सापडले तर

इथे तज्ज्ञांचं पूर्ण एकमत नाही, म्हणून हा भाग वेगळा ठेवला. वर दिलेल्या चार प्रश्नांत वंध्यत्व नाही. पण युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजीच्या सूचनांत, मूल होत नसलेल्या पुरुषाच्या दोन्ही वृषणांत कण असतील, तर डॉक्टरांशी जास्त सविस्तर चर्चा करावी आणि काहींमध्ये बायोप्सीचाही विचार करावा असं म्हटलं आहे. कारण अशा पुरुषांत काही वेळा कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडते. तिला जर्म सेल निओप्लाझिया इन सिटू म्हणतात. ती नळीच्या आतच मर्यादित असते आणि सोनोग्राफीत दिसत नाही. अशी अवस्था असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पाच वर्षांत गाठ तयार होते.

म्हणून सरसकट सगळ्यांची बायोप्सी करावी का? माझं मत ‘नाही’ असं आहे. वीर्य तपासणीत संख्या थोडी कमी आहे, वृषणं चांगल्या आकाराची आहेत, लहानपणी ती नीट उतरली होती, अशा माणसाला स्वतः तपासणी पुरेशी आहे. त्याला आधी दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून वीर्य तपासणी पुन्हा करायला सांगा, हार्मोन पाहा, व्हेरिकोसील पाहा. कणांमुळे शुक्राणू कमी झाले, असंही समजू नका. बहुधा वृषणाचा जो मूळ दुबळेपणा शुक्राणू कमी करतो, तोच कणही निर्माण करतो.

मात्र एका वेळी बायोप्सीचा विषय डॉक्टरांकडे आवर्जून काढा. वीर्यात एकही शुक्राणू नसेल आणि आयव्हीएफसाठी वृषणातून शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर वृषणाचा तुकडा तसाही निघणारच असतो. त्या वेळी त्यातला एक छोटा भाग पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. ऑपरेशनआधीच सांगा, कारण वृषणाचा तुकडा साध्या फॉर्मेलिनपेक्षा बोइन्सच्या द्रावणात चांगला टिकतो आणि ते द्रावण ऑपरेशन थिएटरमध्ये आधी मागवून ठेवावं लागतं. पॅथॉलॉजीच्या अर्जावर ‘दोन्ही बाजूंना मायक्रोलिथियासिस, निओप्लाझिया इन सिटू पाहावं’ असं लिहिलेलं असू द्या. तेवढं लिहिलं असेल, तर पॅथॉलॉजिस्ट नेमके विशेष रंग वापरतात, कारण नेहमीच्या रंगात या पेशी नजरेतून सुटू शकतात. आयव्हीएफ केंद्रात सगळ्यांचं लक्ष शुक्राणू सापडतो की नाही यावर असतं, त्यामुळे हा कागद कुणी आपणहून भरेलच असं नाही.